रेल्वेत भेटलेल्या अनोळखी माणसाचे आभार: कॅप्शन लिहिता येत नाहीये, मदत करा

टिपूस

मंडळी, एक छोटीशी अडचण घेऊन आले आहे. मागच्या आठवड्यात २७ तासांचा रेल्वेप्रवास एकटीने केला. वाटेत एका अनोळखी माणसाने खूप मदत केली. त्याचे आभार मानायचेच राहून गेले आणि ते मला सारखं टोचतंय. म्हणून इन्स्टाग्रामवर फोटो टाकून खाली कॅप्शनमध्ये चार ओळींची गोष्ट लिहावी असं ठरवलं. तीन दिवस खपून हे लिहिलंय:

"माणुसकी अजून जिवंत आहे! परवाच्या लांबच्या प्रवासात याचा प्रत्यय आला. एका अनोळखी देवदूताने स्वतःची जागा मला देऊन मोठ्या मनाचे दर्शन घडवले. अशी माणसे आहेत म्हणून हे जग सुंदर आहे. कोण कुठला तो, पण आयुष्यभर लक्षात राहील. मनापासून धन्यवाद, दादा. जिथे असाल तिथे सुखी राहा."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी वाचल्यावर वाटतं, हे कोणीही कोणाहीबद्दल लिहिलं असतं. यात तो माणूस कुठेच दिसत नाही. काय चुकतंय?

सावली_दुपारची

मला तर आवडलं. भावना पोचल्या. टाकून दे, इतका विचार करू नकोस.

रानवारा

खूप लांब झालंय. इन्स्टावर कॅप्शनला १२५ अक्षरांचीच मर्यादा असते, त्यापुढचं दिसत नाही. तेवढ्यात बसेल असं एकच वाक्य लिहा. गोष्टबिष्ट सांगायला तिथे जागाच नाही.

मुक्ताई

टिपूस, त्याला शोधायचं असेल तर गाडीचं नाव, तारीख, डबा, बर्थ नंबर सगळं लिही आणि लोकांना शेअर करायला सांग. तिकिटाचा फोटोही टाक. आमच्या ओळखीतल्या एकीला तिची हरवलेली मैत्रीण अशीच सापडली होती.

टिपूस

मुक्ताई, शोधायचं नाहीये गं. त्याने नावही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त आभार मानायचे आहेत.

पाटीपेन्सिल

टिपूस, मी एका मासिकात वाचकांच्या अनुभवांचं पान बरीच वर्षं बघितलं. आभाराची पत्रं ढिगाने यायची आणि दहातल्या नऊ पत्रांची सुरुवात तुमच्यासारखीच असायची. "माणुसकी", "देवदूत", "मोठं मन" हे सगळे तुम्ही काढलेले निष्कर्ष आहेत. ज्यावरून काढलेत ते मात्र तुमच्याकडेच राहिलंय. वाचणाऱ्याच्या हातात फक्त निकाल येतो.

कॅप्शन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मला साध्या बोलण्यातल्या भाषेत चार गोष्टी सांगा. त्याने नेमकं काय केलं? ते करताना त्याला काय सोसावं लागलं? तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलंत? आणि जो फोटो टाकणार आहात त्यात काय आहे?

टिपूस

सांगते. सुसूत्र नसलं तर समजून घ्या.

गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. एका कुबडीवर चालता येत होतं, पण शिडी चढणं शक्य नव्हतं. तिकीट ऐनवेळी काढल्यामुळे बर्थ मिळाला वरचा. कोणाला तरी विनंती करू असं ठरवून चढले, पण धीर होईना. तशीच कडेला टेकून उभी होते. समोरच्या खालच्या बर्थवर एक माणूस वाचत बसला होता. त्याने कुबडीकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आपली चादर गोळा केली आणि म्हणाला, "तुम्ही इथे झोपा." मी "अहो, नको" म्हणेपर्यंत तो चढलासुद्धा होता. खूप उंच होता. त्याचे पाय बर्थच्या बाहेर आले होते, घोट्याच्या वरपर्यंत.

रात्री कुबडी दोनदा घसरून पडली. दर वेळी केवढा आवाज! मी ओशाळून गेले. तीनच्या सुमारास गुडघा ठणकून जाग आली तेव्हा त्याचे पाय तसेच बाहेर होते. येणाराजाणारा प्रत्येक जण त्यांना धडकत होता. मी त्या पायांचा फोटो काढला. तोच टाकणार आहे. चेहरा दिसत नाही, नुसते मोजे दिसतात आणि एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक आहे.

मग झोप लागली. सकाळी उठले तर वरचा बर्थ रिकामा. तो उतरून गेला होता. कुबडी माझ्या हाताशी शिडीला उभी बांधलेली होती, म्हणजे पडू नये म्हणून. बांधायला त्याने स्वतःच्या बॅगेचा खांद्याला लावायचा पट्टा वापरला होता. तो पट्टा आता माझ्याकडेच आहे. हा पट्टा माझा नाही, एवढंच रोज मनात येतं.

खिडकीजवळ

अगं, ही गोष्ट तुझ्या कॅप्शनमध्ये का नाही?? कुबडी नाही, पाय नाहीत, पट्टा नाही. होतं नव्हतं ते सगळं वगळून तू "देवदूत" लिहिलंस.

आजोबा६८

मी सहा फूट दोन इंच आहे, त्यामुळे त्या माणसाच्या वतीने थोडं बोलतो. वरच्या बर्थवर उंच माणसाला दोनच पर्याय असतात. गुडघे मुडपून झोपायचं, नाहीतर पाय बाहेर काढायचे. मुडपले तर गाडीच्या प्रत्येक हिसक्याला गुडघा भिंतीवर आपटतो आणि तासाभरात मांड्या भरून येतात. बाहेर काढले तर लोक धडकतात. खालच्या बर्थवरही पाय बाहेर येतातच, पण तिथे उठून बसता येतं. वर मान सरळ करून बसायलाही जागा नसते. आम्ही उंच माणसं हे प्रवासाला निघण्याआधीपासून जाणून असतो. खालचा बर्थ त्याने मुद्दाम घेतलेला असणार. टिपूस, त्याने तुम्हाला नुसती जागा नाही, रात्रभराची झोप दिली.

पाटीपेन्सिल

आजोबा, हेच मला विचारायचं होतं, "त्याला काय सोसावं लागलं" म्हणजे. फक्त हे समजावून सांगायला बसलं की पुन्हा भाषण होतं. "त्याचे पाय रात्रभर बाहेर होते" एवढं एक वाक्य लिहिलं की झालं. बाकीचं वाचणारा आपल्या अंगावर घेतो.

टिपूस, आता हे बघा. तुमच्या प्रतिसादाचं शेवटचं वाक्य आहे "हा पट्टा माझा नाही". तीच तुमची पहिली ओळ.

खिडकीजवळ

+१. वाचल्याबरोबर प्रश्न पडतो, मग कोणाचा?

नीरजा_क

रानवारा, थोडी दुरुस्ती करते. १२५ ही मर्यादा नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते. साधारण १२५ अक्षरांच्या आसपास घडी पडते आणि पुढचं `more` दाबल्यावर दिसतं. तोही अंदाजच, कारण फोनच्या रुंदीप्रमाणे ते पुढेमागे होतं. त्यामुळे गोष्टीला जागा भरपूर आहे. पण घडीच्या वर काय राहतं ते महत्त्वाचं, या अर्थी तुमचं म्हणणं बरोबर आहे.

देवनागरीत आणखी एक मेख आहे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, त्याचे फोन दोन-तीन तुकडे मोजतो. काना, मात्रा, वेलांटी वेगळी आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. "पट्टा" आपल्या हिशेबाने दोन अक्षरं, फोनच्या हिशेबाने पाच: प, ट, हलन्त, ट, काना. म्हणून मराठीत घडी आपल्या अंदाजाआधीच येते. "हा पट्टा माझा नाही." हे वाक्य जागा आणि पूर्णविराम धरून १९ भरतं. म्हणजे घडीच्या वर आणखी एक-दोन वाक्यं बसतील.

टिपूसच्या पहिल्या मसुद्यात घडीच्या वर "माणुसकी अजून जिवंत आहे" पासून साधारण "मोठ्या मनाचे" पर्यंतचंच राहत होतं. `more` दाबावं असं त्यात काहीच नव्हतं.

रानवारा

बरं, २,२०० माहीत नव्हतं. पण लोक `more` दाबत नाहीत, हे माझं म्हणणं कायम आहे.

अवलिया

मला वेगळंच खटकतंय. झोपलेल्या माणसाचा फोटो त्याला न विचारता काढलाय. चेहरा नाही म्हणून चालतं का? भोक पडलेला मोजा जगाला दाखवायचा आणि वर आभार म्हणायचं? माझ्याबाबतीत कोणी असं केलं असतं तर मला आवडलं नसतं.

सावली_दुपारची

अवलिया, इतकं काय त्यात? त्या भोकामुळेच तर तो फोटो खरा वाटतो. साधा माणूस आहे हे कळतं.

अवलिया

"साधा माणूस आहे हे कळतं" यालाच माझा आक्षेप आहे. एका मोज्यावरून आपण ठरवलं की तो साधा, कदाचित गरीब, आणि मग त्याचा चांगुलपणा आणखी मोठा वाटायला लागला. भोक प्रवासातच पडलं असेल. तो कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

मुक्ताई

हे वाचून मला माझंच आठवलं. चार वर्षांपूर्वी एका काकांनी मला स्टेशनवर सामान चढवायला मदत केली होती. मी त्यांच्यासोबत सेल्फी काढून टाकला, आभार मानले, जागा आणि तारीख लिहिली. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा मेसेज आला, "प्लीज काढून टाका." काका घरी वेगळं सांगून निघाले होते. कुठे आणि का, ते मी विचारलं नाही. फोटो लगेच काढला, पण तोवर तो बराच फिरला होता. टिपूस, मघाशी मीच तुला डबा आणि बर्थ नंबर लिही म्हटलं. ते मागे घेते. तिकिटाचा फोटो तर मुळीच नको, त्यावर तुझाही आरक्षण क्रमांक असतो.

टिपूस

अवलिया, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून वाईट वाटलं होतं, पण रात्रभर विचार केला. तीन वाजता तो फोटो काढला तेव्हा मला फक्त माझा कृतज्ञपणा दिसत होता. त्याला कसं वाटेल हे मनातही आलं नाही. पायांचा फोटो टाकणार नाही. पट्ट्याचा टाकते. पायांबद्दल शब्दांत लिहीन, मोज्याबद्दल नाही.

खिडकीजवळ

पट्ट्याचाच फोटो जास्त चांगला. पायांच्या फोटोखाली "पाय बाहेर होते" लिहिलं असतं तर एकच गोष्ट दोनदा झाली असती. नुसता पट्टा बघून काहीच कळत नाही, तिथे शब्दांना काम उरतं.

धूसर

मी स्क्रीन रीडरवर वाचते, म्हणून एक विनंती. फोटोचं वर्णन द्यायला इन्स्टाग्रामवर `Alt text` ची वेगळी जागा असते. तिथे "काळा, खांद्याला लावायचा बॅगेचा पट्टा, कुबडीभोवती गुंडाळलेला" असं काय असेल ते साधं लिही. तिथे गोष्ट नको आणि कॅप्शनमध्ये वर्णन नको. लोक बऱ्याचदा दोन्हीकडे तेच टाकतात, मग आम्हाला एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागते. आणि ओळीओळीत इमोजी पेरू नकोस. वाचक यंत्र प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने उच्चारतं आणि वाक्य तुटतं.

टिपूस

धूसर, ही जागा असते हे मला माहीतच नव्हतं. नक्की भरते. आता नवीन मसुदा:

"हा पट्टा माझा नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी एकटी निघाले होते. सत्तावीस तासांचा प्रवास आणि बर्थ वरचा. समोरच्या खालच्या बर्थवरच्या उंच माणसाने माझी कुबडी पाहिली, 'तुम्ही इथे झोपा' म्हणाला आणि वर चढला. त्याचे पाय रात्रभर बाहेर होते.

माझी कुबडी दोनदा घसरून पडली. सकाळी जाग आली तेव्हा ती माझ्या हाताशी शिडीला बांधलेली होती, त्याच्या बॅगेच्या पट्ट्याने. तो उतरून गेला होता. अशी निःस्वार्थ माणसं आजकाल दुर्मीळ झाली आहेत. मनापासून धन्यवाद, दादा."

पाटीपेन्सिल

छान उतरलंय. फक्त "निःस्वार्थ" आणि "दुर्मीळ"चं वाक्य काढा. तिथे गोष्ट थांबते आणि तुम्ही वाचकाकडे वळून बोलायला लागता. शिवाय त्या वाक्यात उगाच इतरांना टोमणा बसतो. त्या डब्यात कदाचित आणखी कोणी उठलंही असतं, पण हा आधी उठला.

आजोबा६८

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. पट्टा तुमच्याकडे राहिला ना? मग तो उतरताना बॅग खांद्याला कशी लावणार? म्हणजे ती हातात धरून गेला. लांबच्या प्रवासाची बॅग, म्हणजे हलकी नसणार.

टिपूस

आजोबा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पट्टा आठ दिवस समोर आहे आणि मी फक्त त्याने कुबडी बांधली एवढाच विचार करत होते.

खिडकीजवळ

हे कॅप्शनमध्ये हवंच! "बॅग हातात धरून गेला."

अवलिया

पण ते तिने पाहिलेलं नाही. त्याच्याकडे दुसरी बॅगही असू शकेल, पाठीवरची. न पाहिलेलं खरं म्हणून कसं लिहायचं?

पाटीपेन्सिल

"गेला असेल" लिहा. मराठीत "असेल" एवढ्यासाठीच आहे. तुम्ही पाहिलं नाही हेही त्यात येतं आणि नंतर त्याच्याबद्दल विचार करत बसलात हेही. मला तर साध्या "गेला"पेक्षा तेच जास्त जवळचं वाटतं.

अवलिया

"असेल" चालेल.

सावली_दुपारची

आणि "धन्यवाद" पण काढायला लावाल की काय आता? मूळ मुद्दा आभाराचा होता. सगळं काढत काढत तेच निघून जायला नको.

पाटीपेन्सिल

मी तर काढलं असतं. बॅगेच्या वाक्यावर संपवलं असतं. आभार त्यात भरून वाहतायत.

सावली_दुपारची

मला नाही पटत. उद्या ते कॅप्शन त्या माणसासमोर आलं, तर त्याने काय शोधायचं? साहित्य? त्याला सरळ "थँक यू" हा शब्द दिसला पाहिजे. टिपूसला तोच बोलायचा होता.

नीरजा_क

सावलीशी सहमत. वाचकाला शब्द नको असेल, पण ज्याचे आभार मानायचे त्याला हवा. इथे दोन वेगळे वाचक आहेत.

धूसर

मी पाटीपेन्सिल यांच्या बाजूने. बॅगेपाशी थांबलं की ऐकताना घशात येतं.

टिपूस

दोन्ही बाजू पटतायत, पण मी शब्द ठेवणार आहे. "मनापासून धन्यवाद" मात्र माझ्या तोंडचं नाही, मी असं कधी बोलत नाही. त्या रात्री माझ्या तोंडून "अहो, नको" एवढंच निघालं. शेवट असा केलाय:

"तो उतरून गेला होता. बॅग हातात धरून गेला असेल.

दादा, तेव्हा 'अहो, नको' म्हणाले. थँक यू म्हणायचं राहून गेलं. थँक यू."

गाडीचं नाव नाही, तारीख नाही, लोकेशन नाही. `Alt text` भरलाय. आत्ताच टाकलं.

रानवारा

वाचलं. `more` दाबलं मी.

मुक्ताई

मीपण. टिपूस, पट्ट्याचं आता काय करणार?

टिपूस

अजून शिडीला असावा तसाच कुबडीला आहे. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस कुबडी लागेल. तोवर तिथेच ठेवते. पुढचं ठरलेलं नाही.

आजोबा६८

पुढच्या प्रवासाला बरोबर न्या. कुबडी सगळ्यांच्याच पडतात.